1-3-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी तीन, रात्री एक नव्हे

*ताई, मी करवीर तालुक्यातला. आयटीआय करून चार वर्षं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला होतो. आता दीड वर्ष जपानमध्ये नागोयाजवळ मोल्डिंगवर आहे. पाळी रात्रीची. मागच्या महिन्यात ताप-खोकला आला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, औषधाच्या दुकानातून तीन कागदी पिशव्या मिळाल्या. तिथली बाई समजावून सांगत होती, मी नुसता "हाय, हाय" म्हणत मान हलवली. खोलीवर येऊन बघतो तर एक अक्षर कळेना, फक्त आकडे कळले. एका पिशवीवर 1, 3, 1 होतं, म्हणून सकाळी एक, दुपारी तीन, रात्री एक घेतली. दुसरीवर 1, 1, 5 होतं, म्हणून दिवसात पाच वेळा घेतली. तरी अंग कणकण करायचं म्हणून आईनं दिलेली पॅरासिटामॉल 650 पण त्या दिवशी तीनदा घेतली. दुसऱ्या दिवशी जवळच्या दुकानात काम करणाऱ्या नेपाळी ताईला पिशव्या दाखवल्या. तिनं हिंदीत सांगितलं की पाचवाली फक्त ताप आला तरच घ्यायची, आणि पावडर "खाने के बीच में". आता बरा आहे. पण परीक्षा पास होऊन आलोय आणि एक पिशवी वाचता येत नाही, ह्याची लई लाज वाटते. दर वेळी त्या ताईला त्रास द्यायचा का? लीडरला सांगितलं तर काम जाईल का? आई म्हणते, तिकडचं औषध नकोच, मी इकडून सगळं पाठवते. काय करू?*

तुझं पत्र वाचलं तेव्हा मला घोर लागला तो तापाच्या गोळ्यांचा. म्हणून सदर छापून यायची वाट न बघता त्याच दिवशी तुला निरोप धाडला आणि पिशव्यांचे फोटो मागवले. डोळे पिवळे नाहीत, लघवीचा रंग नेहमीसारखा आहे, जेवण जातंय, असं तुझं उत्तर आल्यावर जीव भांड्यात पडला. फोटो मी इथे जपानी शिकवणाऱ्या एका बाईंकडे नेऊन शब्दन् शब्द वाचून घेतले. औषधांचं मी सांगू शकते, कारण बावीस वर्षं कोल्हापुरात औषधाच्या दुकानात गेली. अक्षरं त्यांची, हिशोब माझा.

आधी दुसरी पिशवी. तिच्यातल्या गोळीचं नाव आहे असेतोआमिनोफेन, 500 मिलिग्रॅम. हे नाव तू आयुष्यात ऐकलं नसशील, पण गोळी तुझ्या चांगल्या ओळखीची आहे. आपण जिला पॅरासिटामॉल म्हणतो तीच ही. जपानमध्ये आणि अमेरिकेत तिला ह्या दुसऱ्या नावानं ओळखतात. म्हणजे आईची गोळी आणि जपानी गोळी ही दोन औषधं नव्हतीच. त्या दिवशी तू पाच वेळा 500 घेतलीस, ते झाले 2500. वर तीन वेळा 650, ते 1950. एकूण 4450 मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसानं चोवीस तासांत 4000 च्या वर जायचं नसतं, आणि दारू पिणाऱ्यानं किंवा ताप येऊन दोन-तीन दिवस नीट न जेवलेल्यानं त्याच्याही बरंच अलीकडे थांबायचं असतं. तू एकच दिवस, थोडाच पुढे गेलास, म्हणून निभावलं. असंच चार दिवस चाललं असतं तर मी हे इतक्या शांतपणे लिहीत बसले नसते.

ह्या औषधाची धास्ती अशासाठी की जास्त झालं तरी पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. फार तर मळमळतं, आणि ते तापाचंच असेल असं वाटतं. उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं, गडद लघवी ही लक्षणं मागाहून येतात. तोवर यकृताला मार बसलेला असतो. त्यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यांत चांगला चालतो. म्हणून कुणाकडूनही गोळ्या मोजणीच्या बाहेर गेल्या असतील तर "मला काही होत नाहीये" असं म्हणत बसू नये. रिकामी पाकिटं हातात घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जपानमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर 119.

आता तुझे आकडे. तू ते तसे का वाचलेस हे मला फोटो बघताच कळलं, कारण मीही जन्मभर तसेच वाचत आले. आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठीवर 1-0-1 लिहितात. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. जागेवरून वेळ कळते. कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयासमोरच्या कुठल्याही दुकानात हीच रीत आहे आणि शाळेचं तोंड न बघितलेली आजीसुद्धा ती बरोबर वाचते. जपानी पिशवीवर मात्र आकड्याच्या जागेला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो आकड्याला चिकटून आलेल्या अक्षराला. तुझ्या पहिल्या पिशवीवर लिहिलंय : एका दिवसात 3 वेळा, प्रत्येक जेवणानंतर, एका वेळी 1 गोळी, 5 दिवसांचं औषध. म्हणजे दिवसाला तीन गोळ्या. तू पाच घेतल्यास. ती कफ पातळ करणारी कार्बोसिस्टीनची गोळी होती, म्हणून त्यातून फारसं काही बिघडलं नाही.

ह्यातली दोन अक्षरं तुला एका मिनिटात शिकवते, कारण ती चित्रासारखी आहेत. उभी चौकट आणि मध्ये एक आडवी रेघ म्हणजे "दिवस". मोठ्या चौकटीत छोटी चौकट म्हणजे "वेळा", जपानीत काइ. आकड्यामागे रेघेची चौकट असेल तर दिवस मोजायचे, चौकटीत चौकट असेल तर खेपा मोजायच्या. आता दुसरी पिशवी पुन्हा बघ. 5 च्या मागे चौकटीत चौकट आहे आणि त्याच्यामागे आणखी एक अक्षर, "बुन". बुन म्हणजे "इतक्याचा साठा". गोकाइ-बुन, पाच खेपांना पुरेल एवढं औषध आत आहे. रोज पाच वेळा घ्या, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. वर ठळक अक्षरात लिहिलंय तोंपुकु, म्हणजे त्रास होईल तेव्हाच, आणि खाली लिहिलंय की ताप आल्यावर. ज्या पिशवीवर तोंपुकु असेल तिच्यावर घड्याळाची वेळ नसते. त्रास नसेल तर ती पिशवी उघडायचीच नाही. आणि त्रास परत आला तरी दोन गोळ्यांत किती तास सोडायचे हे विचारून घ्यायचं. तापाच्या ह्या दोन गोळ्यांत निदान चार ते सहा तास सोडावे लागतात.

नेपाळी ताईनं तुला नेमकं हेच सांगितलं आणि पुढच्या वेळची चूक वाचवली. त्या पोरीचे उपकार मोठे आहेत. पण तिसऱ्या पिशवीत, त्या पावडरीच्या पुड्यांवर, तिच्याही हातून एक गोष्ट निसटली, आणि तिचा त्यात काडीचा दोष नाही. तिथे लिहिलंय शोक्कान. शब्दशः "जेवणांच्या मध्ये". तिनं हिंदीत "खाने के बीच में" सांगितलं, आणि तू मला कळवलंस की भाताचे दोन घास खाऊन, मग पावडर, मग उरलेला भात असं तू चार दिवस केलंस. शोक्कानचा अर्थ आहे दोन जेवणांच्या मधल्या मोकळ्या वेळेत, साधारण जेवण झाल्यावर दोन तासांनी, पोट रिकामं असताना. पावडर जपानी पद्धतीच्या वनस्पतींची, कांपो औषध होती. ती रिकाम्या पोटी घ्यायची पद्धत आहे. जेवताना घेतल्यानं तुला अपाय झाला नाही, गुण कमी आला असेल इतकंच. सगळी औषधं मात्र इतकी सोशिक नसतात.

आणि हे ऐकून तुझी लाज थोडी उतरेल : शोक्कान ह्या शब्दाला खुद्द जपानी माणसंसुद्धा फसतात. "जेवता जेवता" असाच अर्थ लावतात. गुदद्वारात ठेवायच्या औषधाच्या नावात तिथे "बसणे" हे अक्षर येतं, म्हणून ते नीट बसून गिळायचं असं समजणारीही माणसं तिथे आहेत. तू जी परीक्षा पास झालास ती कारखान्यात आणि बाजारात बोलता यावं एवढ्यासाठी असते. त्या पातळीला साधारण 300 अक्षरं येतात. औषधाच्या पिशवीवरचे तोंपुकु, शोक्कान असे शब्द त्यात बसतीलच असं नाही. जे येत नाही ते विचारण्याची लाज कसली धरतोस? तुझं चुकलं ते वाचण्यात नाही, "हाय, हाय" मध्ये. जपानीत हाय म्हणजे "हो", आणि "ऐकतोय" असंही. दुकानातल्या बाईला वाटलं तुला समजलं. तुला वाटलं आता विचारलं तर ती काय म्हणेल.

मी ह्या खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते. आमच्या दुकानात शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारा ओडिशाचा एक पोरगा यायचा. हाताला भाजलं होतं. मी त्याला पुडीवर मराठीत "जेवणानंतर, दोन वेळा" असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, विचारलं, "समज आया?" तो "हां" म्हणाला. तीन दिवसांनी परत आला तेव्हा कळलं की त्यानं गोळ्या दुखेल तशा घेतल्या होत्या, एकदा तर चार एकदम. माझं सुरेख अक्षर त्याच्यासाठी नुसती नक्षी होती. त्यानंतर मी "समजलं का" हा प्रश्न विचारायचं सोडलं. मी विचारायला लागले, "घरी गेल्यावर पहिली गोळी किती वाजता घेणार, सांग बघू." उत्तर ऐकलं की लगेच कळतं काय पोचलं आणि काय नाही. इथल्या माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगते, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतीतून बिहार-ओडिशाची पोरं तुमच्याकडे येतात. त्यांच्या पुडीवर सूर्य, चंद्र आणि ताट काढायला अर्धं मिनिट लागतं.

तिथे तू हेच उलट बाजूनं करायचंस. दुकानदाराने विचारलं नाही तर तू सांगायचंस. पहिलं वाक्य पाठ कर : "यासाशी निहोंगो दे ओनेगाइ शिमासु", सोप्या जपानीत सांगा. हे तुझ्या मनाचं वाक्य नाही. 1995 साली कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच कळल्या नाहीत, त्यातून जपानमध्ये "यासाशी निहोंगो", म्हणजे सोपी जपानी, ही रीतच तयार झाली. छोटी वाक्यं, अवघड शब्द नाहीत, सावकाश बोलणं. अनेक दुकानांत, कचेऱ्यांत माणसं ती ओळखतात. दुसरं वाक्य : "इत्सु नोमिमासु का", कधी घ्यायचं? आणि तिसरं, तुझ्या कामासाठी सगळ्यांत मोलाचं : "नेमुकु नारिमासु का", झोप येईल का? सर्दीच्या बऱ्याच औषधांनी गुंगी येते. वितळलेल्या लोखंडाच्या लाडलजवळ उभं राहणाऱ्याला हे आधी माहीत पाहिजे.

मग खिशातून एक कागद काढ. त्यावर तुझ्या दिवसाची रेघ ओढलेली असू दे, तास आकड्यांत. तुझी पाळी रात्रीची, तू लिहिलंयस की संध्याकाळी 6 ला जेवतोस, रात्री साडेबाराला डबा खातोस, सकाळी 6 ला थोडं खाऊन 9 ला झोपतोस. पिशवीवर "सकाळच्या जेवणानंतर" असं असेल तर तुझी सकाळ कोणती, हे पिशवीला कसं कळणार? तो कागद फार्मासिस्टपुढे ठेव आणि पेन तिच्या हातात दे. तिनं आकडे लिहिले की भाषेचा प्रश्नच उरत नाही. ह्या वेळच्या औषधांचं तसं केलं असतं तर कफाची गोळी जेवण झाल्या झाल्या, म्हणजे साडेसहा, एक आणि साडेसहाच्या सुमारास आली असती, आणि पावडर रात्री 8 ला, अडीचच्या सुट्टीत आणि सकाळी 8 ला. घरी पोचलास की त्या वेळा पिशवीवर मराठीत, ठळक पेननं लिहून टाक. तापात, झोपेत, तेच वाचलं जातं. आणि जे लोक दिवसातून दोनदाच जेवतात त्यांनी "प्रत्येक जेवणानंतर" बघून गोंधळात पडू नये, तेही तिथेच विचारून घ्यावं.

दुकानात आणखी एक वस्तू मागून घे : ओकुसुरी-तेचो, औषधांची वही. हाताच्या पंजाएवढी असते. प्रत्येक वेळी कुठलं औषध, किती, किती दिवस ह्याची चिठ्ठी ते त्यात चिकटवतात. 2011 च्या त्सुनामीत दवाखान्यांची कागदपत्रं वाहून गेली तेव्हा ज्यांच्याजवळ ही वही होती त्यांची औषधं पटकन पुन्हा सुरू करता आली. तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर आईनं दिलेल्या गोळ्यांची नावं इंग्रजीत लिही, मूळ औषधाचं नाव, कंपनीनं ठेवलेलं नव्हे. कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठतं का, तेही लिही. पॅरासिटामॉल हा शब्द त्या पानावर दिसला असता तर दुकानातल्या बाईनं तुला तिथेच थांबवलं असतं.

आईला काय सांगायचं? त्यांची माया मला कळते. पोरगं परमुलखात तापानं फणफणलंय आणि आपण इथे, ह्यात कुठलीही आई गोळ्याच पाठवील. पण ह्या वेळी धोका आईच्याच पाकिटातून आला, हे त्यांना हळूच सांग. शिवाय जपानचे नियम कडक आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध स्वतःसाठी एक महिन्यापुरतं, चिठ्ठीशिवाय मिळणारं दोन महिन्यांपुरतं, त्याहून जास्त आणायचं तर आधी परवानगी काढावी लागते. आणि आपल्याकडे सर्दीवर सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण 10 टक्क्यांच्या वर असेल तर ते औषध आधी परवानगी काढल्याशिवाय जपानमध्ये नेता येत नाही, आणि पोस्टानं तर नाहीच. आई भाबडेपणानं पाठवतील आणि जाब तुला द्यावा लागेल. तुला कायमचं काही औषध चालू असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. ताप-खोकल्यासाठी तिथला डॉक्टर आणि तिथली पिशवी पुरे.

फक्त एक लक्षात ठेव, इतर पोरांनाही सांग : तिथली चिठ्ठी दिल्या दिवसासकट चारच दिवस चालते, मध्ये रविवार आला तरी. आपल्यासारखी खिशात ठेवून पुढच्या पगाराला औषध आणू म्हटलं तर दुकानदार परत पाठवतो.

लीडरची भीती. औषध कुठलं आणि कशासाठी, हे फार्मासिस्टनं तिऱ्हाइताला सांगायचं नाही असा तिथे कायदा आहे. पिशवी वाचून घेण्यासाठी लीडरची गरज नाही. मात्र औषधानं झोप येते असं कळलं तर लीडरला सांगायलाच हवं, आजार सांगू नकोस वाटल्यास, पण "आज औषध घेतलंय, झोप येते, भट्टीजवळ नको" एवढं सांगच. तुला जपानला नेताना ज्या संस्थेनं कागद केले तिच्याकडे दुभाषा असतो का हेही विचारून ठेव, आजारी नसताना. तापात फोन नंबर शोधवत नाही. काम जाईल का ह्याचं उत्तर मी कोल्हापुरात बसून छातीठोक देऊ शकत नाही. पण ताप लपवून, गोळ्या चुकवून, रात्री भट्टीपुढे उभा राहणारा माणूस जास्त धोक्यात असतो, एवढं मी भाजलेले हात बघून सांगते.

आणि नेपाळी ताई. तिला दर वेळी पिशव्या वाचायला लावू नकोस, कारण ती औषधं शिकलेली नाही आणि चुकून काही झालं तर तो भार तिच्या मनावर राहील. एकदाच विनंती कर. तिच्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास तुझ्याबरोबर त्या औषधाच्या दुकानात ये म्हणावं. तू फार्मासिस्टला विचारायचंस, तिनं फक्त शब्द इकडून तिकडे न्यायचे, आणि तोंपुकु, शोक्कान, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना हे पाच शब्द फार्मासिस्टच्या हातानं वहीत लिहून घ्यायचे. बाजूला तू मराठी लिही. शोक्कानचं दुसरं अक्षर नीट बघ, दाराच्या चौकटीत तोच "दिवस" उभा आहे, ते परत विसरणार नाहीस.

आईचं पार्सल मात्र थांबवू नकोस, त्यांना वाईट वाटेल. गोळ्या काढून ठेवा म्हणावं आणि त्या जागी सीलबंद पाकिटातला कांदा-लसूण मसाला दोन पाकिटं घाला. एक तुला, एक त्या ताईला.